एमएसई परीक्षेची आणि एमएसई कोर्टाची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मानसोपचाराच्या रेसिडेंट डॉक्टरांना शिकवताना आणि अधूनमधून कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात साक्षीला जाताना काही प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतात. काही पीजी विचारतात, काही वकील विचारतात, एखाद वेळी आरोपीचे नातेवाईकही विचारतात. ते इथे एका जागी उतरवले आहेत. बोलणं मुख्यतः फौजदारी प्रकरणाबद्दल आहे, कारण घोटाळे तिथेच जास्त होतात. उदाहरणातला माणूस खरा नाही, शिकवण्यासाठी मी रचलेला आहे.

एमएसई, म्हणजे मानसिक स्थितीची तपासणी, एकच असते ना? मग दोन तऱ्हेने का लिहायची?

तपासणी एकच असते. माणसाचा पेहराव, वागणं, बोलणं, मनःस्थिती, विचार, भास, स्मरणशक्ती, आजाराची जाणीव हे सगळे मथळे दोन्हीकडे सारखेच. बदलतो तो वाचणारा.

परीक्षेच्या केस शीटचा वाचक तुमच्यापेक्षा जास्त शिकलेला असतो. रुग्णाला काय झालंय यापेक्षा तुम्हाला किती दिसतं आणि त्याला नेमका शब्द देता येतो का, हे त्याला बघायचं असतं. म्हणून तिथे तुम्ही निष्कर्षाचा शब्द आधी लिहिता. शंका आली तर परीक्षक तिथल्या तिथे विचारतो, तुम्ही उत्तर देता, आणि कागदाचं काम संपतं.

कोर्टाच्या कागदाचा वाचक मानसोपचार शिकलेला नसतो. तो कागद तुम्ही समोर नसताना वाचतो, कधी कधी चार-पाच वर्षांनी. त्याला तुमची हुशारी नको असते. तुम्ही काय पाहिलं, काय ऐकलं, कधी आणि कुणाच्या समोर, एवढंच हवं असतं. निष्कर्ष तुम्ही कशावरून काढला हे त्याच कागदात सापडलं नाही, तर तो निष्कर्ष टिकत नाही.

उदाहरण घेऊन सांगता येईल का?

घेऊ. करवीर तालुक्यातला ३६ वर्षांचा शेतकरी, शिक्षण सातवी. ३ मार्चला सकाळी बांधावर त्याने चुलतभावावर कोयत्याने वार केला असा आरोप आहे. त्याच दिवशी अटक, पुढे न्यायालयीन कोठडी. कारागृहाच्या डॉक्टरांना त्याचं वागणं वेगळं वाटलं. त्यांनी १५ मार्चपासून रिस्पेरिडोन सुरू केलं, रोज ४ मिलिग्रॅम. मग कोर्टाचं पत्र आलं आणि १४ एप्रिलला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी त्याची तपासणी सुरू झाली. म्हणजे घटनेनंतर ४२ दिवसांनी आणि औषध सुरू होऊन ३० दिवसांनी.

घरच्यांकडे दोन वर्षांपूर्वीचे ओपीडीचे कागद आहेत. त्यात स्किझोफ्रेनिया असं निदान आहे. बायको सांगते, दिवाळीपासून गोळ्या बंद होत्या.

या दोन तारखा आणि ते दोन आकडे लक्षात ठेवा. परीक्षेत ते केस हिस्टरीत एका ओळीत जातात. कोर्टात सगळं प्रकरण त्यांच्याभोवती फिरतं.

याच माणसाची एमएसई परीक्षेसाठी कशी लिहिली जाते?

साधारण अशी: 'सायकोमोटर अ‍ॅक्टिव्हिटी कमी. अफेक्ट ब्लंटेड. विचारांच्या आशयात छळाचा भ्रम. तृतीयपुरुषी श्राव्य भास, रनिंग कॉमेंटरी स्वरूपाचे, श्नायडरचं प्रथम श्रेणीचं लक्षण. ओरिएंटेशन शाबूत. टेस्ट जजमेंट शाबूत. इनसाइट ग्रेड १.'

परीक्षेच्या दृष्टीने हे चांगलं आहे. सात छोट्या वाक्यांत रेसिडेंटला सगळं ओळखता आलंय. परीक्षक पुढे विचारेल, भ्रम आणि अतिमूल्यित कल्पना यांत फरक काय, ब्लंटेड आणि फ्लॅट यांत फरक काय, आणि त्यावर गुण ठरतील.

हाच परिच्छेद जसाच्या तसा कोर्टात गेला तर त्यात एकही गोष्ट अशी नाही जी न्यायाधीश स्वतः तपासू शकतील. सगळे शिक्के आहेत, शिक्क्याखालचा माल कुठेच नाही.

मग कोर्टासाठी विचारांचा भाग कसा लिहायचा?

प्रश्न आणि उत्तर, दोन्ही, त्याच्या शब्दांत. आमच्या या माणसाचं असं होईल:

'प्रश्न: चुलतभावाबद्दल काय सांगाल?
उत्तर: सांगायचं काय त्यात, म्हाईतच हाय. त्यो माझ्या हिरीत औषध सोडतूय. म्हशीचं दूध कमी झालं तवाच कळलं मला.
प्रश्न: दूध दुसऱ्या कारणानंही कमी होतं ना?
उत्तर: व्हत आसंल दुसऱ्याच्या म्हशीचं. माझ्या न्हाई.
प्रश्न: विहिरीचं पाणी कुणाला दाखवलं का?
उत्तर: दाखवून काय उपेग? त्ये दिसत न्हाई.'

आता त्याखाली लिहा की ही समजूत ठाम आहे, पर्यायी कारण सुचवल्यावर डळमळली नाही, म्हणून तपासणाऱ्याच्या मते हा छळाचा भ्रम आहे. न्यायाधीशांना मानसशास्त्र येत नसलं तरी दुसरं आणि तिसरं उत्तर वाचून ही साधी भाऊबंदकी नाही हे कळतं. आणि आपल्याकडे तो फरक दाखवावाच लागतो. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून भांडणं गावोगाव आहेत. 'चुलतभाऊ पाण्यात काहीतरी करतो' एवढंच लिहिलंत तर सरकारी वकील म्हणतील, हे जुनं वैर आहे, आजार कुठला?

आणखी एक. प्रश्न लिहिला नाही तर उत्तर तुम्ही त्याच्या तोंडात घातलं असा आक्षेप येतो. 'भाऊ विष घालतो असं वाटतं का?' असं विचारून 'व्हय' मिळवणं परीक्षेत खपून जातं. इथे ते सूचक प्रश्नाचं उत्तर ठरतं आणि त्याची किंमत शून्य होते.

भासांचंही तसंच. 'दोघं बोलत्यात माझ्याबद्दल, आता उठला, आता चालला आसं' हे त्याचे शब्द. त्यापुढे चार गोष्टी विचारून नोंदवायच्या: आवाज कुठून येतो, शेवटचा कधी आला, तो काही करायला सांगतो का, आणि सांगितलं तर न करता राहता येतं का. परीक्षेत शेवटच्या दोन प्रश्नांवाचून चालून जातं. कोर्टात तेच दोन आधी विचारले जातात. शिवाय तपासणी चालू असताना तो कुणाशी पुटपुटला का, कान देऊन ऐकत होता का, हे तुम्ही पाहिलेलं वेगळं लिहायचं. त्याने सांगितलेलं आणि तुम्हाला दिसलेलं एका वाक्यात मिसळू नका.

रिपोर्ट इंग्रजीत, रुग्ण कोल्हापुरी बोलणारा. त्याचे शब्द कुठल्या भाषेत लिहायचे?

त्याच्याच भाषेत, देवनागरीत, आणि शेजारी इंग्रजी अर्थ. याला कारण आहे. जिल्हा न्यायालयात साक्ष बहुधा मराठीत उतरवली जाते. तुम्ही साक्षीत 'डिल्यूजन' म्हणता, आणि ऐन वेळी कुणीतरी त्याचं मराठी करतं. मी 'गैरसमज' असं उतरलेलं पाहिलं आहे. गैरसमज दूर करता येतो, भ्रम येत नाही. त्या एका शब्दात आजारच निघून गेला. म्हणून रिपोर्टातच शब्द ठरवून द्या: भ्रम म्हणजे पुराव्यानेही न हलणारी खोटी ठाम समजूत, भास म्हणजे बाहेर काही नसताना येणारा अनुभव. एकेक ओळ पुरते.

उलट बाजूचाही धोका आहे. 'डोस्कं फिरलंया माझं' असं कुणी म्हणालं आणि तुम्ही ते 'आजाराची जाणीव आहे' म्हणून इंग्रजीत नेलंत, तर पन्हाळ्याच्या बाजूचा कुणीही वकील हसेल. आपल्याकडे राग आला तरी डोस्कंच फिरतं. मूळ शब्द कागदावर असले की असली चूक निदान सापडते तरी.

इनसाइट ग्रेड १ लिहिलं की आरोपी सुटतो, असं काही वकील म्हणतात. खरं आहे का?

नाही. सगळ्यात मोठा घोळ हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

इनसाइटच्या सहा पायऱ्या आजाराच्या जाणिवेच्या आहेत. 'मी आजारी नाहीच' ही पहिली आणि भावनेच्या पातळीवर आजार पटलेला असणं ही सहावी. त्यात गुन्ह्याचा काही संबंध नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेचं कलम ८४, वेगळंच विचारतं: कृत्य करताना, मनाच्या विकलतेमुळे, आपण काय करतोय हे त्या माणसाला कळणं अशक्य होतं का, किंवा ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळणं अशक्य होतं का?

दोन्ही स्वतंत्र आहेत. 'मी ठणठणीत आहे' म्हणणारा माणूस कोयता उसात लपवून, कपडे बदलून, एसटीने मामाच्या गावी निघून गेला असेल, तर आजाराची जाणीव नसली तरी कृत्य चूक आहे हे त्याला कळत होतं असं मानायला जागा उरते. आमच्या उदाहरणातला माणूस मात्र वार करून थेट पोलीस पाटलाच्या दारात गेला आणि 'आता पोरं वाचली माझी' म्हणाला, असं समजा. इनसाइट दोघांचीही ग्रेड १. कायद्याच्या नजरेत दोघं एका जागी नाहीत.

म्हणून कोर्टाच्या कागदात नुसता आकडा लिहू नका. 'आजाराबद्दल विचारता म्हणाला: मला काय झालंया? गोळ्या तुरुंगातल्या डॉक्टरनं दिल्या म्हणून खातो' असं लिहा, आणि खाली स्पष्ट करा की ही नोंद आजाराच्या जाणिवेबद्दल आहे, कृत्याच्या आकलनाबद्दल नाही. हे वाक्य तुम्ही लिहिलं नाही तर दोन्हीपैकी एक वकील आपल्या सोयीचा अर्थ लावणारच.

'टेस्ट जजमेंट शाबूत' लिहायला काय हरकत आहे?

हरकत मी स्वतः भोगली आहे. नवा असताना एका कोर्टात माझा कागद गेला, त्यात मी परीक्षेच्या सवयीने 'जजमेंट शाबूत' लिहिलं होतं. मी विचारलं होतं ते घराला आग लागली तर काय कराल, आणि तो म्हणाला होता पाणी मारीन, लोकांना हाका मारीन. उलटतपासणीत वकिलांनी शांतपणे विचारलं, 'डॉक्टरसाहेब, म्हणजे आरोपीची निर्णयशक्ती शाबूत होती हे तुम्हीच लिहिलंय ना?' मी म्हणालो, हो, पण ती फक्त आगीच्या प्रश्नापुरती. 'पण असं तुम्ही कुठे लिहिलंय?' नव्हतं लिहिलं. खाली बसलो.

आता मी प्रश्न आणि उत्तर लिहितो, बस. शाबूत, बिघडलेली हे विशेषण वापरलंच तर कुठल्या कसोटीवर तेही सांगतो. ज्या भ्रमाशी घटनेचा संबंध आहे त्या विषयातली निर्णयशक्ती वेगळी तपासायची. आग विझवायची कशी हे बहुतेक भ्रमग्रस्तांना तुमच्या-माझ्याइतकंच कळतं.

ओरिएंटेशनचं तसंच. कोठडीतल्या माणसाला तारीख सांगता आली नाही यात नवल नाही. 'आज काय वार?' याला 'मंगळवार आसंल' असं उत्तर आलं आणि खरा वार कोणता होता, दोन्ही लिहा. १०० मधून ७ वजा करायला सांगितलं तर त्याची उत्तरं ओळीने लिहा, ९३, ८६, ८०, जशी आली तशी, आणि शिक्षण सातवी आहे हे शेजारी. 'लक्ष केंद्रित करण्यात त्रुटी' हा निष्कर्ष वाचणाऱ्याला मग तपासून बघता येतो.

१४ एप्रिलच्या तपासणीवरून ३ मार्चची मानसिक स्थिती सांगता येते का?

थेट सांगता येत नाही. एमएसई हा त्या तासाचा फोटो असतो. रेसिडेंट हे पाठ म्हणतात, पण रिपोर्टच्या शेवटी 'घटनेच्या वेळी आरोपी मनोविकल होता' असं बिनधास्त लिहून मोकळे होतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या डाह्याभाई छगनभाई ठक्कर प्रकरणात सांगितलं की महत्त्वाचा तो कृत्याचा क्षण, आणि त्या क्षणीची मनःस्थिती त्याच्या आधीच्या, वेळेच्या आणि नंतरच्या परिस्थितीवरून ठरवायची. त्याच निकालात हेही आहे की मनोविकलता दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो दिवाणी दाव्यातल्या पक्षकारावर असतो तेवढाच, म्हणजे शक्यता कुठल्या बाजूला झुकते एवढ्यावर. पुढच्या निकालांनी वैद्यकीय वेडेपणा आणि कायद्याचा वेडेपणा एक नव्हेत हेही वारंवार स्पष्ट केलं. स्किझोफ्रेनिया आहे एवढ्याने कलम २२ लागू होत नाही.

म्हणून रिपोर्टात दोन स्वतंत्र भाग करा. पहिल्या भागात १४ एप्रिलला काय दिसलं, त्यात औषधाचा ३० वा दिवस आहे हे ठळकपणे. ३० दिवसांच्या औषधाने भास कमी झालेले असू शकतात, बोलणं सुधारलेलं असू शकतं. तपासणीत फारसं काही सापडलं नाही म्हणून ३ मार्चलाही काही नव्हतं असं होत नाही. उलट, आज लक्षणं आहेत म्हणून तेव्हाही होतीच असंही होत नाही, कारण अटक आणि कोठडी यांच्या ताणाने आजार नव्याने उसळू शकतो.

दुसऱ्या भागात मागच्या काळाचा पुरावा, प्रत्येकासमोर स्रोत आणि तारीख. दोन वर्षांपूर्वीचे ओपीडीचे कागद. बायकोचं सांगणं, गोळ्या कधीपासून बंद. कारागृहाच्या वैद्यकीय नोंदवहीतल्या ३ ते १५ मार्चच्या नोंदी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा ऐवज हाच, कारण त्या घटनेच्या सगळ्यात जवळच्या आहेत आणि औषधाआधीच्या आहेत. कोर्टाने पाठवले असतील तर साक्षीदारांचे जबाब. पोलीस पाटलाच्या दारातलं ते वाक्य इथे येईल, एमएसईत नाही, कारण ते तुम्ही ऐकलेलं नाही.

बायकोचं म्हणणं तिचं म्हणूनच लिहा. तिला नवरा सुटावा असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि उलटतपासणीत ते काढलं जाणारच.

तपासणी सुरू करण्याआधी काय नोंदवायचं, जे परीक्षेत लागत नाही?

परीक्षेच्या केस शीटमधून ओळख पुसायची असते. कोर्टाच्या कागदात ओळख पटवायची असते. हा फरक इतका उलटा आहे की सवयीने चूक होते. पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख, कोर्टाने नेमके विचारलेले प्रश्न, सोबत आलेल्या पोलिसाचा बक्कल नंबर, शरीरावरच्या दोन ओळखखुणा, अंगठा, तपासणी सुरू आणि संपल्याची वेळ. हातकडी होती का, आदल्या रात्री झोपेचं औषध दिलं होतं का, भाषा कुठली, दुभाषा होता का.

आणि सूचना. रुग्णाला वाटतं डॉक्टर म्हणजे आपला माणूस. त्याला सांगायचं: 'मी तुमच्यावर उपचार करायला नाही, कोर्टाने सांगितलंय म्हणून बोलतोय. तुम्ही सांगाल ते कोर्टाला कळेल. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका.' त्याला काय समजलं हे त्याच्याकडून वदवून घ्या आणि ते शब्द लिहा. 'तुमी कोर्टाचं डॉक्टर हाय' एवढं आलं तरी पुरे. पोलीस दिसतील इतक्या अंतरावर, ऐकू येणार नाही इतक्या दूर. ऐकू येईल एवढे जवळ होते तर तसं लिहा, लपवू नका.

खटल्याला उभं राहण्याची क्षमता एमएसईवरून कळते का?

अर्धवट. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६७ पाहतं ते मनोविकलतेमुळे आरोपी आपला बचाव करू शकत नाही का एवढंच. कोर्टाच्या पत्रात हा प्रश्न वेगळा असतो आणि त्याचं उत्तर आजच्या स्थितीचं असतं, ३ मार्चचं नाही. परीक्षेच्या एमएसईत यासाठी एकही प्रश्न नाही. म्हणून जोडावे लागतात: तुमच्यावर काय आरोप आहे, वकील कशासाठी असतो, न्यायाधीश काय करतात, वकिलाला त्या दिवसाचं सांगता येईल का.

शिक्षेबद्दल विचारताना 'तुम्हाला काय शिक्षा होईल' असं विचारू नका, 'असा गुन्हा शाबीत झाला तर काय होतं' असं विचारा. नाहीतर क्षमता तपासायला जाऊन तुम्ही कबुलीजबाब लिहून बसता. भास चालू असलेला माणूसही या प्रश्नांची नीट उत्तरं देऊ शकतो, आणि मग तो बचावाला सक्षम आहे असंच लिहावं लागतं.

सोंग करतोय असं वाटलं तर?

'सोंग' हा शब्द सगळ्यात शेवटी, जमलं तर नाहीच. विसंगती लिहा. दोन आणि दोन पाच म्हणणारा माणूस वॉर्डात विडीच्या पैशांचा हिशेब चोख ठेवतो. डॉक्टर आले की आवाज ऐकू येतात, रात्रपाळीच्या सिस्टरांच्या नोंदीत मात्र तो शांत झोपलेला. खरे भास सांगायला रुग्ण बहुधा नाखूश असतो, सोंग करणारा न विचारता सांगतो. हा कल असतो, नियम नव्हे. एका बैठकीत हे ठरत नाही. निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या वेळी पाहावं लागतं, आणि प्रत्येक तपासणी वेगळी लिहायची, कालची सुधारून नाही. हेही विसरू नका की खरा आजार असलेला माणूसही घाबरून थोडा वाढवून सांगतो.

वॉर्डच्या फाइलमध्ये रेसिडेंटने लिहिलेली एमएसई कुठल्या प्रकारात मोडते?

समन्स येईपर्यंत शिकण्याच्या, समन्स आल्यावर कोर्टाच्या. म्हणून सराव वहीत करा, फाइलमध्ये नको. कोर्टाचा हुकूम आला की ती फाइल बाहेर जाते. मग 'डब्ल्यूएनएल', 'एनएडी' असली लघुरूपं, कॉपी केलेली कालची नोंद, आणि वरिष्ठांनी खाडाखोड केलेली ग्रेड, सगळं मोठ्याने वाचलं जातं. दुरुस्ती करायची तर एक रेघ मारून, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख, वेळ. व्हाइटनर कधीच नाही.

सही करणाऱ्याला साक्षीला यावं लागतं. रेसिडेंटने तपासलं आणि सरांनी न पाहता सही केली, तर सरांची पंचाईत. रेसिडेंटने सही केली तर एमडी होऊन नागपूरला गेल्यावर चार वर्षांनी कोल्हापूरचं समन्स येतं. ज्याने पाहिलं त्याने लिहावं आणि त्यानेच सही करावी. साक्षीच्या वेळी स्वतः तेव्हा लिहिलेला कागद पाहून आठवण ताजी करायला कायदा मुभा देतो, पण कागदात 'अफेक्ट ब्लंटेड' एवढंच असेल तर तो पाहून काय आठवणार? 'चुलतभावाच्या जखमांबद्दल बोलताना चेहऱ्यावर फरक नाही, आवाज एकाच पट्टीत, मुलांचं नाव निघालं तेव्हा एकदा डोळे पाणावले' असं असेल तर माणूस समोर उभा राहतो.

आता १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, म्हणजे अपिलातही तुमचा कागद इथेच वाचला जातो.

घटस्फोट आणि मृत्युपत्राच्या दाव्यातही हेच लागू होतं का?

लिहिण्याची पद्धत हीच, कायद्याचा प्रश्न वेगळा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये आजार किती आहे आणि त्यासोबत संसार करणं अपेक्षिता येतं का हे पाहतात, नुसतं निदान पुरत नाही. मृत्युपत्रात सही करतानाच्या वेळी मन ठिकाणावर होतं का, हा प्रश्न. म्हणून आधी कोर्टाचं पत्र वाचा, नंतर रुग्णाला खुर्ची द्या.

शेवटचं मत किती ठाम लिहायचं?

पुरावा जाईल तिथपर्यंत. आमच्या माणसाबद्दल मी असं लिहीन:

'१४ एप्रिलच्या तपासणीत छळाचा ठाम भ्रम आणि श्राव्य भास आढळले. ही लक्षणं स्किझोफ्रेनियाशी जुळतात. तपासणीवेळी औषधोपचाराचा ३० वा दिवस होता. आरोप, वकील आणि न्यायालयाचं काम यांबद्दलच्या प्रश्नांना त्याने समजून उत्तरं दिली, त्यामुळे आज तो बचाव करण्यास सक्षम आहे असं माझं मत आहे. ३ मार्चच्या मानसिक स्थितीबद्दल या तपासणीवरून थेट मत देता येत नाही. पूर्वीचे ओपीडीचे कागद, औषध बंद असल्याचं पत्नीचं सांगणं आणि कारागृहाच्या ३ ते १५ मार्चच्या नोंदी त्या सुमारास आजार सक्रिय असल्याशी सुसंगत आहेत. कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक असल्याचं त्याला कळत होतं का, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे.'

रेसिडेंट हे वाचून म्हणतात, सर, यात आपण काहीच ठरवलं नाही. वकीलही कुरकुरतात, कारण कुणाच्याच पदरात पूर्ण माप पडत नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य वरच्या पानांवर बोट ठेवून दाखवता येतं. शेवटच्या वाक्याऐवजी 'आरोपी कृत्याबद्दल जबाबदार नाही' असं लिहिलं, तर वकील पहिला प्रश्न विचारतील, 'डॉक्टरसाहेब, ३ मार्चला सकाळी तुम्ही कुठे होता?'